बुटकी खिडकी

रतांबे पिकले की आमच्या धामापूरच्या घरात दुसरं काही पिकत नाही, शिजत नाही आणि बोललंही जात नाही. मे महिना अर्ध्यावर आला की परसातली कोकमाची चारही झाडं लालजांभळी होतात. मग आई आणि मी, दोघी जणी, अंगणात पाट टाकून बसतो. रतांबा धुवायचा, मधोमध चिरायचा, गर आणि बिया एका पातेल्यात, साल दुसऱ्या टोपलीत. गरात मीठ घालून रस सुटू द्यायचा. सालं उन्हात टाकायची, संध्याकाळी त्या रसात बुडवायची, सकाळी पुन्हा ऊन. अशी चार-पाच पुटं दिली की सालं काळी, मऊ आणि आंबट होतात. बाहेरचे लोक त्यांना आमसुलं म्हणतात, आम्ही सोलं. सगळा खेळ उन्हाचा. एक सर चुकून आली तरी सालांना बुरशी धरते आणि वर्षभराची सोलकढी गेली म्हणून समजा.

यंदाही बसलोय. दोन हजार दहा साल आहे, मी पस्तिशीची आहे आणि माझे हात मनगटापर्यंत जांभळे आहेत. मिठाच्या रसात तासभर हात राहिले की बोटांच्या टोकांना काही कळेनासं होतं. सुरी लागली तरी आधी रक्त दिसतं, दुखतं मागाहून. मला हे सवयीचं आहे. सहा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी अशीच सगळीच्या सगळी बधिर होते, बोटांपुरती नव्हे.

तेव्हा मी मालवणच्या बाजारात एका संगणक वर्गात शिकवत होते. माडीवरची एक खोली, सहा मशीन, एक पंखा. खालच्या मासळीबाजाराचा वास जिन्यावरून वर यायचा आणि मुलं आल्या आल्या खिडक्या लावून घ्यायची. पाचला वर्ग सुटला की धामापूरच्या एसटीला पाऊण तास उरायचा. तो पाऊण तास माझा होता. कोपऱ्यातल्या मशीनवर मेसेंजर उघडायचं आणि उमेशच्या नावापुढचा दिवा हिरवा आहे का ते बघायचं. बहुतेकदा असायचाच.

उमेशचं स्थळ मामाच्या ओळखीतून आलं होतं. गाव कुडाळजवळचं, नोकरी वास्कोच्या गोदीत, स्वभाव शांत. फोटो आला, पत्रिका आली. आईने पत्रिका एका ठिकाणी दाखवली, समाधान झालं नाही म्हणून दुसऱ्या ठिकाणी दाखवली. दोन्हीकडे जुळली. तरी देवळात कौल लावलाच. गुरवाने देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, आणि उजवी पाकळी अशी पटकन सुटली की आईने तिथल्या तिथे हात जोडले. मग ते लोक येऊन मला बघून गेले. पोहे झाले. दोन्ही घरं राजी होती. सुपारी फोडायची ती मृगाच्या आधी, असं ठरलं. मधले दोन महिने आम्ही बोलून घ्यावं, असं उमेशच म्हणाला. त्याच्या गोदीच्या ऑफिसात इंटरनेट होतं, माझ्या वर्गात होतं. आईला मेसेंजर म्हणजे काय ते कळलं नाही, पण फोनचं बिल येत नाही एवढं कळल्यावर ती खूश झाली.

सुरुवातीला आम्ही एकमेकांना 'तुम्ही' म्हणायचो. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचो, तेही शाळेतल्या निबंधासारखं शुद्ध. 'आपणांस वाचनाची आवड आहे काय?' वगैरे. आठवडाभराने त्याने विचारलं, 'आज जेवणाक काय व्हतां?' मी घरात शिजलेल्या मासळीचं नाव लिहिलं, 'पेडव्याचा सार.' आणि मग 'तुम्ही' कुठे गेलं ते दोघांनाही कळलं नाही. मला तो आवडला होता, हे आता सांगून टाकते. तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं.

देवीला विचारलं होतं, दोन ज्योतिषांना विचारलं होतं, मामाला विचारलं होतं. एकमेकांना काय विचारायचं राहिलंय हे मात्र आमच्या लक्षात आलं नव्हतं. आमच्याकडे तो प्रश्नच नसतो. लग्न झालं की मूल, त्यात विचारायचं काय? त्याने विचारलं नाही कारण त्याला शंका नव्हती. मी सांगितलं नाही कारण आधी ओळख तरी होऊ दे, असं म्हणत राहिले. ही माझी चूक, आणि ती मी मान्य करते.

तो गावच्या घराला एक खोली वाढवत होता. सुट्टीत जाऊन स्वतः काम बघायचा आणि सोमवारी मला त्याची हकिगत सांगायचा. चिरे किती आले, गवंडी कसा दोन दिवस गायब झाला, वगैरे. मे अर्धा सरला त्या सोमवारी त्याने लिहिलं, 'खिडकी बुटकी ठेवलंय. गवंडी म्हणा होतो, असली खिडकी कोण करता? मी म्हटलंय, झिलाक नायतर चेडवाक उभ्या रवान रस्तो दिसाक व्हयो.'

मी त्या ओळीतल्या झिलाकडे आणि चेडवाकडे, त्या अजून नसलेल्या मुलाकडे आणि मुलीकडे, बघत राहिले. वर पंखा फिरत होता. शेजारच्या मशीनवर मागे थांबलेली एक मुलगी टायपिंगचा सराव करत होती, एकच ओळ पुन्हा पुन्हा. मी लिहिलं, 'उमेश, माका मुलां नको.'

 मग खाली 'उमेश टाइप करत आहे' असं आलं, गेलं, पुन्हा आलं, पुन्हा गेलं. शेवटी आलं ते एवढंच, 'आता नको, काय कदीच नको?'

'कदीच नको.'

'कित्या?'

या प्रश्नाला लोकांना मोठं उत्तर लागतं. एखादं आजारपण, एखादा अपघात, लहानपणी बसलेला धक्का. माझ्याकडे तसलं काही नाही. मला मुलं आवडतात. वर्गातली मुलं मला चिकटून असतात, भावाची मुलगी सुट्टीत आली की माझ्याच अंथरुणात झोपते. पण आपलं मूल असावं, असं मला कधी वाटलं नाही. मैत्रिणींना वाटायचं, मी वाट बघायचे की मलाही वाटेल. तिशी जवळ आली तरी वाटलं नाही. मग वाट बघणं सोडून दिलं आणि एकदम हलकं वाटलं. हे सगळं मी त्याला लिहिलं, जसं जमलं तसं. त्याने वाचलं. मग लिहिलं, 'बघूया. लगीन झाल्यार मन बदालता मानसाचा.'

रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने नेहमीसारखं जेवणाचं विचारलं. तिसऱ्या दिवशी खिडकीला कुठला रंग द्यावा ते विचारलं. मी निळा सांगितला. आम्ही दोघंही काही घडलंच नाही असं बोलत होतो, आणि मला आतून काहीच वाटत नव्हतं. घरी येऊन मी रतांबे चिरत होते, जेवत होते, झोपत होते. आई म्हणायची, 'शैले, तुका बरा नाय काय गो?' मी म्हणायचे, बरी आहे. ते खोटं नव्हतं. दुखत कुठेच नव्हतं.

चौथ्या दिवशी एसटीत बसले असताना मला स्पष्ट दिसलं की हा माणूस थांबणार. एक वर्ष, तीन वर्षं, दहा वर्षं. भांडणार नाही, टोमणे मारणार नाही. दर सोमवारी मनातल्या मनात विचारेल, बदललं का? आणि त्या बुटक्या खिडकीसमोर मी केर काढत असेन. किंवा मी वाकेन, त्याच्या चांगुलपणाला वाकेन, आणि एका मुलाला अशी आई मिळेल जिला ते नको होतं. दोन्हींपैकी काहीही झालं तरी कुणीतरी आयुष्यभर गप्प बसणार होतं.

निरोप कसा लिहायचा हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मुलांना मी अर्ज कसा लिहायचा ते शिकवायचे: विषय, संदर्भ, महोदय. इथे महोदय चालणार नव्हतं. मेसेंजरवर कच्चं लिहिता येत नाही. आपण अक्षर दाबलं की तिकडे कळतं, आणि समोरचा माणूस श्वास रोखून बसतो. म्हणून मी वर्गाच्या हजेरीवहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहायला घेतलं.

पहिला मसुदा दोन पानांचा झाला. त्यात माझी सगळी कारणं होती. वाचल्यावर लक्षात आलं, कारण दिलं की ते खोडता येतं. तो एकेका कारणाला प्रेमाने उत्तर देत बसला असता. ती पानं फाडली. दुसरा मसुदा एका ओळीचा होता, 'पत्रिका जमत नाही.' आमच्याकडे नकाराला हेच औषध आहे. मुलगी काळी असो, मुलगा पीत असो, हुंड्यावरून बिनसलेलं असो, पत्रिका जमत नाही म्हटलं की कुणाचं मन मोडत नाही आणि कुणी पुढे विचारत नाही. पण उमेशला ठाऊक होतं की ती जुळलीय. त्याला हे लिहिणं म्हणजे तोंडावर दार लावणं. तेही खोडलं. तिसऱ्या मसुद्यात मी लिहिलं होतं, 'मला सध्या मूल नको आहे.' ते वाचायला किती छान वाटत होतं! पण ते 'सध्या' माझ्यासाठी होतं, त्याच्यासाठी नव्हतं. मला वाईट ठरायचं नव्हतं म्हणून मी त्याला वाट बघायला लावणार होते. त्या शब्दावर मी रबर इतका घासला की पानाला भोक पडलं.

मग पाठवायचं कधी? तो नसताना पाठवलं तर सकाळी ऑफिसात मशीन चालू करताच चार माणसांत ते त्याच्या पुढ्यात आलं असतं. तो असताना, पण कामाच्या मध्यात पाठवलं, तर उरलेला दिवस त्याने कसा काढायचा? त्याची सुट्टी साडेपाचला व्हायची. सव्वापाचची वेळ मी धरली, शनिवारची. दुसऱ्या दिवशी रविवार, कुणाला तोंड दाखवायला नको.

त्या दिवशी सकाळीच मी दोन टोपल्या रतांबे चिरून गेले होते. कितीही धुतलं तरी नखांतला रंग जात नाही. टाइप करताना कीबोर्डच्या पांढऱ्या बटणांवर गुलाबी ठसे उमटत होते आणि मी मधूनमधून ते रुमालाने पुसत होते. मालवणीत लिहावं की नाही याचा खूप विचार केला. मालवणीत लिहिलं असतं तर ते जेवणासारखं, पेडव्यासारखं वाटलं असतं, आणि मग तोडायचं कसं? म्हणून साध्या मराठीत लिहिलं.

'उमेश, दोन महिने तुझ्याशी बोलायला मला मनापासून आवडलं. तुला मुलं हवीत आणि मला नकोत. हे लग्नानंतर बदलेल असं मला वाटत नाही, आणि बदलेल या आशेवर तू माझ्याशी लग्न करू नयेस. यात तुझं काही चुकलं नाही. मी हे आधी सांगायला हवं होतं, त्याबद्दल मला माफ कर. आपण इथेच थांबू या. यापुढे मी इथे लिहिणार नाही, म्हणजे दोघांनाही सोपं जाईल. लगेच उत्तर द्यायलाच हवं असं नाही. तुझ्या खिडकीत उभं राहणारं कुणीतरी लवकर येवो. शैला.'

शेवटची खिडकीची ओळ ठेवावी की काढावी, यावर माझं बोट बराच वेळ बटणावर अडलं होतं. ती लागेल असं वाटत होतं. पण ती खरी होती, मला तसंच वाटत होतं. ठेवली. बटण दाबलं.

यावेळी 'टाइप करत आहे' यायला दहा मिनिटं गेली. मी खालच्या बाजारातला ओरडा ऐकत होते. कुणीतरी सुरमईचा भाव करत होतं. मग आलं,

'वाचलंय. बरा केलंस सांगलंस तां.'

थोड्या वेळाने, 'घराकडे काय तां मी सांगतलंय. तू काय एक बोला नको.'

आणि मग, 'सोलां बेगीन सुकवा. पावस लवकर येतलोसो दिसता.'

हिरवा दिवा विझला. मी त्याचं नाव यादीतून काढलं. मशीन बंद केलं, ठसे पुसले, खोलीला कुलूप लावलं. एसटीत खिडकीची जागा मिळाली. रडू येईल म्हणून मी पदर हाताशी धरून बसले होते, पण ते आलं नाही. घरी पोचले तेव्हा आईने सालं रसात घालायला काढलीच होती. मी हात धुऊन बसले आणि पुट दिलं.

आठ दिवसांनी मामाच्या हस्ते एक पाकीट आलं. आत माझा फोटो आणि माझी पत्रिका, घडी न मोडलेली. निरोप होता, पत्रिका जमत नाही. मला जे लिहायला नको वाटलं होतं तेच त्याने घरी सांगितलं होतं, आणि मला ते एका क्षणात कळलं. खरं कारण त्याने सांगितलं असतं, तर पंधरवड्यात ते कुडाळपासून मालवणपर्यंतच्या प्रत्येक पडवीत पोचलं असतं आणि माझ्याकडे लोकांनी कायमचं वेगळ्या नजरेने बघितलं असतं. त्याने ते सगळं ज्योतिषाच्या अंगावर टाकलं.

आईने मात्र गावातल्या ज्योतिषाला, पहिल्यांदा पत्रिका बघणाऱ्या भटाला, सोडलं नाही. 'दोन जागी दाखवलेली! कौल उजवो दिल्यान!' असं म्हणत तिने त्या बिचाऱ्याचा उद्धार सुरू केला तो आजतागायत चालू आहे. त्याच्या दारावरून जाताना ती अजूनही मान फिरवते. गावात लोकांना माझी कीव आली. मी ती सगळी कीव निमूट घेतली. त्याने सांगितलं होतं, तू काही बोलू नको. ते मला सोयीचंही होतं, हे लपवत नाही. उमेशला मी खरं सांगितलं, आणि ज्या बाईच्या शेजारी बसून मी रोज रतांबे चिरते तिला सहा वर्षं नाही.

पुढे दोन-तीन स्थळं आली. त्यांना मी पहिल्याच भेटीत सांगितलं, ती पहिल्याच भेटीत संपली. मग यायची थांबली. संगणक वर्ग आता माझा स्वतःचा आहे. मी सुखात आहे का, असं कुणी विचारलं तर मी हो म्हणते, आणि पुष्कळदा ते खरं असतं. फक्त रतांब्यांचे दिवस आले की ते बधिरपण बोटांतून थोडं वर चढतं, कोपरापर्यंत येतं, आणि पावसाबरोबर उतरतं.

परवा आई कुडाळकडच्या एका लग्नाला जाऊन आली. आज सकाळी रतांबे चिरता चिरता एकेक बातमी काढत होती. कुणाची सून कशी, जेवणात काय कमी पडलं. मग सुरी न थांबवता म्हणाली, 'तो उमेश आठावता तुका? वास्कोचो? तेच्या घरावरसून इलंव आमी. तेका चेडू आसा, तीनेक वर्सांचा. खिडकीत उभ्या रवान रस्त्यावरच्या सगळ्यांका हाको मारी होता. माका पण मारल्यान, गे आजये म्हणान.'

माझ्या हातात अर्धा चिरलेला रतांबा होता. आत काहीतरी हललं, आणि ते काय आहे हे बघायच्या आधीच मी बोलून गेले, 'ती खिडकी बुटकी आसा ना. दिसतला तेका.'

आईची सुरी थांबली. ती माझ्याकडे बघत होती. मी त्या घरी कधी गेले नव्हते. त्या घरची कुठलीच गोष्ट मला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

'तुका कसा म्हायत?'

मी काहीतरी ठोकून दिलं असतं. सुचलंही होतं. पण अंगावर ऊन होतं, हात भरलेले होते, आणि मला एकदम कंटाळा आला त्या गप्प राहण्याचा.

'आये, पत्रिका जुळली होती,' मी म्हटलं. 'तेका मुलां व्हयी होती, माका नको होती. मी तेका लिवन नाय म्हटलंय. पत्रिकेचा तेणा सांगल्यान, माझा नाव खराब होव नये म्हणान.'

 आईने पातेल्यातल्या बिया हाताने ढवळल्या. बाहेर रस्त्यावरून कुणाची तरी मोटारसायकल गेली. मग म्हणाली, 'सहा वर्सां त्या भटाक गाळी घालतंय मी.'

'होय.'

'माका सांगाक काय झालेला तुका?'

मी पुढचा रतांबा उचलला. तीही उत्तरासाठी थांबली नाही. दोन रतांबे चिरून झाल्यावर तिने विचारलं, 'काय लिवलेलंस तेका?'

कागद केव्हाच गेला होता, मशीन भंगारात गेलं होतं. पण मला ते पहिल्या अक्षरापासून पाठ होतं. मी सांगत गेले, उमेश, दोन महिने तुझ्याशी बोलायला मला मनापासून आवडलं. आई खाली बघून ऐकत होती. खिडकीच्या ओळीशी माझा आवाज फुटला. सहा वर्षांपूर्वी एसटीत ज्याची वाट बघत होते ते रडू आलं, अंगणात, भर सकाळी, आणि डोळे पुसायला दोन्ही हात जांभळे.

आईने तिच्या पदराच्या कोरड्या टोकाने माझा चेहरा पुसला, लहान मुलीचा पुसतात तसा, जरा जोरातच. मग पाट पुढे ओढून ती पुन्हा बसली.

'बरा लिवलंस,' ती म्हणाली. 'आता उद्या त्या भटाक वायच सोलां नेवन दी.'